हात दिला होता

मी दोन वर्षं ज्या मुलाबरोबर एका खोलीत राहिलो, त्याच्याबद्दल मी हे लिहितो आहे. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात आमचं कॉलेज, तिथंच भाड्याची खोली. दोन खाटा, एक पंखा आणि एक गॅस. तो कोरीट गावचा, चांगल्या बागायती घरातला. मी त्याला भाऊच म्हणायचो आणि तोही मला भाऊच म्हणायचा. आता त्याला काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघंही संगणकाच्या डिप्लोमाला होतो आणि माझ्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. हे ऐकून लोक हसतात. स्वयंपाक शिकणाऱ्याच्या घरी चूल नाही असं ते होतं. मला थ्रीडी डिझाइनचं काम शिकायचं होतं आणि त्याला जोरदार मशीन लागतं. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर ते सॉफ्टवेअर उघडायलाच पाच मिनिटं घ्यायचं. शहाद्यातल्या गेमिंग कॅफेचा मालक सुरतेला जायच्या बेतात होता आणि मशिनं विकत होता. खिडकीजवळचं मशीन मी मागून ठेवलं. तो म्हणाला, दिवाळीनंतर दीड महिना थांबतो, मग जो पैसे देईल त्याचं. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

पैसे नव्हते, पण चाकू होता.

चाकू म्हणजे खेळातला. बंदुकांचा जो ऑनलाइन खेळ आम्ही त्या कॅफेत खेळायचो, त्यात हत्यारांना वेगवेगळे रंग, नक्षी असतात. त्याला स्किन म्हणतात. स्किननं गोळी जास्त जोरात लागत नाही, नेम सुधारत नाही. फक्त दिसतं छान. तरी तिला भाव असतो, कारण ती दुसऱ्याला देता येते आणि काही स्किन फार कमी निघतात. खेळात पेट्या मिळतात, चावी विकत घेऊन त्या उघडायच्या. बहुतेक वेळा भंगार निघतं. शेकड्यांनी पेट्या उघडाव्यात तेव्हा एखादा चाकू. मला तो एका पावसाळी दुपारी चौथ्याच पेटीत निघाला, आणि कॅफेतली सगळी पोरं खुर्च्या सोडून माझ्या मागं येऊन उभी राहिली. अठरा हजारांच्या आसपास भाव होता.

हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील बैलाच्या शिंगांना रंग लावत होते. ते गुरांच्या आठवडे बाजारात दलाली करतात. त्यांनी विचारलं, "त्याले हाडमास काही शे का?" मी म्हणालो, नाही. "मंग घेस कोण?" मी म्हणालो, घेणारे खूप आहेत. त्यांनी मान हलवली. बाजारात याहून विचित्र गोष्टी त्यांनी विकल्या जाताना पाहिल्या असाव्यात.

अडचण अशी की अठरा हजारांचा चाकू एकदम रोखीनं घेणारा आमच्या भागात कोणी नव्हता. खेळाच्या स्वतःच्या बाजारात विकला तर साधारण पंधरा टक्के कापले जातात आणि उरलेले पैसे तिथल्याच पाकिटात अडकतात, बँकेत येत नाहीत. बाहेरच्या वेबसाइटवर विकायचा तर त्यात अर्ध्या खऱ्या, अर्ध्या खोट्या. हुबेहूब तसंच लॉगिनचं पान उघडतं, तुम्ही पासवर्ड टाकता आणि तुमचा माल जातो. कोणी मेसेज करतं, "चुकून तुझी तक्रार केली मी, आता हा अधिकारी तपासणी करेल, तुझा माल त्याच्याकडे दे." कोणी तुमच्या मित्राचाच फोटो आणि नाव लावून येतं. कोणी पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवतं. हे सगळं आमच्या पोरांनी भोगून झालेलं होतं.

म्हणून आम्ही आपसातच व्यवहार करायचो. शहादा, तळोदा, नंदुरबार मिळून चाळीसेक जणांचा ग्रुप होता आणि त्यात मी एक रीत घातली होती. वडिलांकडून उचललेली. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, आणि एकदा हात दिला की संपलं. पुढच्या वळणावर कोणी दुप्पट दिले तरी बैल फिरवायचा नाही. आमच्या ग्रुपमध्ये सौदा ठरला की दोघांनीही लिहायचं, "हात दिन्हा." त्यानंतर मागं फिरायचं नाही.

या रीतीची गरज त्या वर्षी वाढली होती. कारण खेळाच्या कंपनीनं फसवणुकीवर उपाय म्हणून एक नवा नियम आणला होता. कुठलीही देवाणघेवाण झाली की माल सात दिवस राखीव. ज्याला मिळाला त्याला तो वापरता येतो, पण पुढं देता येत नाही, विकता येत नाही, मोडता येत नाही. आणि त्या सात दिवसांत दोघांपैकी कोणीही एक बटण दाबून व्यवहार उलटवू शकतो. ज्याचं त्याला परत. दाबणाऱ्याचे त्या आठवड्यातले सगळेच व्यवहार उलटतात आणि त्याला महिनाभर देवाणघेवाण बंद, एवढीच शिक्षा. बटण खरं तर लुटल्या गेलेल्यांसाठी होतं. पण लुटारूही ते दाबू शकत होता, आणि आम्ही हात दिन्हा लिहून त्या बटणाला कुलूप लावलं होतं. निदान मी तरी तसं समजत होतो.

धनत्रयोदशीला माझा आणि रूममेटचा सौदा झाला. त्याच्याकडे दोन वर्षं स्वस्तात गोळा केलेल्या बत्तीस लाल स्किन होत्या. लाल म्हणजे चाकूच्या खालची पायरी. एकेकीला पाचसहाशे. त्याला मिरवायला चाकू हवा होता. मला सुटा माल हवा होता, कारण पाचसहाशेची वस्तू पोरं फोनवरून पैसे टाकून लगेच घेतात. बत्तीस लाल घेऊन मी चाकू दिला. दोघांनी आपापल्या मोबाइलवर मान्यता दिली, ग्रुपमध्ये लिहिलं, हात दिन्हा. वरून त्यानं चहा पाजला, त्या चहात मी सुखी होतो.

तिसऱ्या दिवशी नंदुरबारच्या एका मुलानं मला त्याच चाकूचे एकवीस हजार देऊ केले. रोख. मी त्याला सांगितलं, दिला गेला. तो म्हणाला, अजून सात दिवस झाले नाहीत, उलटव ना. मी त्याला चांगला झापला. हे मी रूममेटला सांगितलंही, जरा छाती फुगवूनच. तो म्हणाला, "तू खरा माणूस शे, भो." मला ते वाक्य आवडलं होतं.

भाऊबीजेच्या सकाळी मी गावाकडे होतो. बहीण ओवाळायची तयारी करत होती आणि माझा फोन थांबतच नव्हता. कंपनीनं खेळात बदल केला होता. आतापर्यंत खालच्या दर्जाच्या दहा स्किन देऊन वरची एक घेता यायची, पण लालच्या वर जाता येत नव्हतं. चाकू फक्त पेटीतूनच. आता पाच लाल दिल्या की एक चाकू किंवा हातमोजे मिळणार होते. एका ओळीची सूचना, आणि जगभरचा बाजार उलटापालटा झाला. चाकू आता कोणीही बनवू शकणार म्हणून चाकू धाडकन खाली. लाल आता कच्चा माल झाल्या म्हणून लाल वर. मी फोनवर आकडा बघत होतो आणि तो बघता बघता बदलत होता. तासाभरात त्याला दिलेला चाकू निम्म्यावर आला होता. माझ्याकडच्या एकेका लालची किंमत तिप्पट, काहींची चौपट झाली होती.

मला नाचावंसं वाटलं. खिडकीजवळचं मशीनच काय, दोन मशिनं येतील इतकं झालं होतं. माझ्या लाल अजून दोन दिवस राखीव होत्या, पण दोन दिवस म्हणजे काय! मग मला त्याची दया आली. बिचाऱ्यानं दोन वर्षं जमवलं आणि पाच दिवस आधी मला दिलं. मी त्याला फोन केला. म्हणालो, "पाच लाल तुले परत देसू. दोन दिवस थांब." मनापासून म्हणालो होतो.

तो हसला. "नही रे भो. हात दिन्हा ना आपण. तुन्हं नशीब, तू खाय."

मी फोन ठेवला आणि बहिणीला म्हणालो, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. तिनं ओवाळलं. ताटात टाकायला माझ्याकडे दोनशे रुपये होते, मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात तुला चांगलं काहीतरी घेऊन देतो.

जेवून उठलो तेव्हा सूचना आलेली होती. व्यवहार उलटवला गेला आहे. मी माझा माल उघडला. बत्तीस लाल गेलेल्या होत्या. त्यांच्या जागी माझा चाकू परत आला होता, नऊ हजारांचा झालेला.

पहिल्यांदा मला खरंच वाटलं, त्याचं खातं कोणीतरी चोरलं. मला त्याची काळजी वाटली! मी सात वेळा फोन लावला. आठव्यांदा उचलला.

"तुन्हं खातं हॅक व्हयनं का?"

मागं त्याच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता.

"नही. मीच उलटावं."

"सकाळी तर तू म्हणना..."

"सकाळी भाव इतला नव्हता," तो म्हणाला. "आणि मी काय चोरी करी का? तुन्हा चाकू तुले भेटना. मन्हा माल माले. कंपनीनंच बटन दिन्हं शे ना."

यावर मी काय बोललो ते शब्दशः आठवत नाही. शिव्या होत्या, रडूही होतं. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, तुझं काहीच गेलं नाही. आणि हिशेबानं पाहिलं तर काय गेलं होतं माझं? माझी वस्तू माझ्याकडे होती. कुठल्या पोलीस चौकीत जाऊन मी सांगणार होतो की माझा चाकू मला परत दिला? हाच त्या फसवणुकीचा साळसूदपणा होता. भाव पडला तो माझ्या अंगावर आणि वाढला तो त्याच्या घरात, आणि तरी तो हात झटकून मोकळा. पण त्याच्या त्या सकाळच्या हसण्याचं काय करू? नाही म्हणायचं होतं तर सकाळीच म्हणायचं. मला खरा माणूस म्हणाला, माझ्या तोंडावर माझीच रीत म्हणून दाखवली आणि भाव अजून किती चढतो ते बघत बसला. मी अजून त्यासाठी त्याला माफ केलेलं नाही.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. स्किन, बटण, राखीव दिवस यातलं त्यांना किती कळलं माहीत नाही. हात दिला होता आणि फिरवला, एवढं कळलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाजारमा अशा माणूसले पुन्हा कोणी हात देत नही. पण त्याकरता लोकेस्ले माहीत पाहिजे. तू सर्वास्ले सांग." मी म्हणालो, सांगतो.

मी सांगितलं नाही.

आधी लाज वाटली. मीच रीत घातलेली, मीच तिच्या नावानं लोकांना दम दिलेला, आणि माझ्याच खोलीतल्यानं मला गंडवलं. मग सुट्टी संपली, खोलीवर परत जायचं होतं. तो आधीच आलेला होता, त्यानं माझी खाट झाडून ठेवली होती. आम्ही बोलत नव्हतो. एका खोलीत न बोलता राहणं फार कष्टाचं असतं, गॅस बंद केला का हे विचारायलासुद्धा शब्द लागतात. ग्रुपमध्ये काही जणांनी विचारलं, तुमचा सौदा काय झाला? त्यानं लिहिलं, आपसात मिटवलं. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी अंगठ्याचं चिन्ह टाकलं.

महिनाभरानं त्याची बंदी उठली. तोवर लालचा भाव चढून थोडा खाली बसला होता, चाकू थोडा सावरला होता, पहिल्या दिवशी जे वेड्यासारखं चढतं ते तसं राहत नाही. एका दुपारी तो कॉलेजातून आला, खाटेवर बसला आणि फोनवर काहीतरी केलं. माझा फोन वाजला. त्यानं मला आठ लाल पाठवल्या होत्या, बदल्यात काहीही न मागता. खाली लिहिलं होतं, "तुन्हा हिस्सा. आते बोल."

मी त्या आकड्याकडे बघत बसलो. पडलेल्या भावात चाकू आणि या आठ लाल मिळून मशीनची किंमत जेमतेम भरत होती. कॅफेवाल्यानं दिलेली मुदत संपायला नऊ दिवस होते. नाकारलं असतं तर काय झालं असतं? काही नाही, माझी मान ताठ राहिली असती आणि मशीन दुसऱ्यानं नेलं असतं. मी मान्य केलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणालो, "चहा ठेव." तो लगेच उठला.

मशीन आलं. मी त्यावर काम शिकलो, आजही त्यावरच पोट चालतं. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला सांगू.

आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती, एकटीच. तळोद्याच्या पुढच्या डोंगरातल्या गावची, घरी पावरी बोलायची, आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. आमच्याच कॉलेजात, आमच्या एक वर्ष मागं. खेळात ती आम्हा सगळ्यांपेक्षा सरस होती. घरचे ऊसतोडीला जायचे, आणि ती शिकवण्या घेऊन पैसे साठवायची. चाकूचा भाव पडला तेव्हा तिच्या आवाक्यात पहिल्यांदा चाकू आला. फेब्रुवारीत तिनं मला मेसेज केला. रूममेट तिला एक चाकू आठ हजारांना देत होता. पैसे फोनवरून आधी, माल लगेच. तिनं विचारलं होतं, "दादा, त्याच्याशी करू ना? माणूस कसा आहे?"

मी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभा होतो. मला उत्तर माहीत होतं. मी दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. त्याला कळलं असतं. त्यानं त्या आठ लालची गोष्ट ग्रुपमध्ये टाकली असती. मग मी स्वतःला समजावलं, आपल्यासोबत जे झालं ते भाव उलटल्यामुळं झालं, तिच्याशी तो कशाला तसं करेल. मी लिहिलं, "माझा रूममेट आहे." आणि पुढं एक हसरा चेहरा.

तिनं पैसे पाठवले, चाकू मिळाला, ग्रुपमध्ये फोटो टाकला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मीही केलं. सहाव्या दिवशी व्यवहार उलटला. चाकू त्याच्याकडे परत गेला, तिचे आठ हजारही त्याच्याकडेच राहिले, कारण फोनवरून गेलेल्या पैशांना उलटवायचं बटण नसतं. या वेळी तो म्हणाला की त्याचं खातं हॅक झालं. फोन बंद केला आणि तीन दिवस कोरीटला जाऊन बसला.

तिचा मला फोन आला तेव्हा मी त्याच मशीनसमोर होतो. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिनं अगदी शांतपणे विचारलं, "दादा, त्यानं याआधी कोणाशी असं केलं होतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. एवढ्या दिवसांत तेवढंच एक केलं नाही.

"हो," मी म्हणालो. "माझ्याशी."

पलीकडे ऊस वाहणारा ट्रॅक्टर जाताना ऐकू आला.

"मी तुम्हालाच विचारलं होतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.